'साठी' ही ओळ चुकलेली नाही

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्यावर अष्टाक्षरीत कविता लिहिलीय. सगळे म्हणतात, यमकं घासलेली आहेत. मलाही ते कळतं, पण एक शब्द बदलला की अर्थच हलतो. खरं तर आई कधी रडताना दिसली नाही, ती आम्हाला कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, झोपेत ठेवून, गोधडी नीट करून अंधारात फडावर जायची. रान दुसऱ्याचं आणि आगाऊ घेतलेली उचल आमच्या डोक्यावर. पण कवितेत भलतंच आलं. निसटतं यमक आणि ओळीच्या आतलं यमक वापरून हे दुरुस्त होईल का? दुसऱ्या कडव्यातला 'साठी' चुकलाय असं एका जाणकारांनी सांगितलं. कविता स्पर्धेलाही पाठवायची आहे आणि भाऊ म्हणतो चाल लावू.

निघे माय पहाटेला
डोळां आसवांच्या धारा
अंगा झोंबे गार वारा
वर लुकलुके तारा

तिच्या घामाची ही माती
तिनं जपलेली नाती
जळे दिव्यामधी वाती
आम्हा लेकरांच्यासाठी

उत्तर:

ताई, 'साठी' चुकलेला नाही. आठ ओळींत तुमच्या पोटातून आलेली ओळ तीच आहे, आणि दुरुस्तीला सुरुवातही तिच्यापासूनच करायची. पण आधी तुम्हीच प्रश्नात लिहिलेल्या एका वाक्याकडे बघा. आई रडताना दिसली नाही असं तुम्ही म्हणता, आणि कवितेत तिच्या डोळ्यांतून धारा वाहतात. हे तुम्ही ठरवून केलेलं नाही. खाली 'वारा' आणि 'तारा' ठरून गेले होते, म्हणून वर 'धारा' आल्या. घासलेल्या जोडीचं खरं नुकसान इथं होतं. ती कानाला शिळी लागते एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, राहू द्या. पण ती आपल्याबरोबर आपलं ठरलेलं चित्र घेऊन येते आणि तुमचं चित्र बाजूला सारते. दुसऱ्या कडव्यातही तेच झालं. 'नाती'ला 'माती' हवी म्हणून परक्याचं रान तुमच्या आईच्या घामाची माती झालं. जळते ती एकच वात, पण यमकासाठी ती 'वाती' झाली. शिवाय कोपीत दिवा जळत होता असं तुम्ही मला तरी सांगितलेलं नाही.

म्हणजे तुमची अडचण तुम्ही समजता त्याच्या उलटी आहे. यमक बदललं तर अर्थ हलेल ही भीती सोडा, कारण अर्थ आधीच हललेला आहे. आता तो जागेवर आणायचा.

पहिलं काम कवितेत करायचं नाही, साध्या बोलण्यात करायचं. प्रत्येक कडव्यात काय सांगायचंय ते एका वाक्यात लिहा, यमकाचा विचार मनात न आणता. ते तुम्ही प्रश्नातच केलंय. पहिलं कडवं: आई आम्हाला कोपीत झोपेत ठेवून, अंगावर गोधडी घालून, अंधारात फडावर जायची. दुसरं कडवं: रान परक्याचं, उचल आमच्यावर, आणि हे सगळं आम्हा लेकरांसाठी. आता या वाक्यांतले जे शब्द काढले तर वाक्य मरेल, ते खुंटे. पहिल्यात कोपी, गोधडी आणि अंधार. दुसऱ्यात परकं रान, उचल आणि लेकरांसाठी. खुंटा हलवायचा नाही. ओळीतलं बाकी सगळं त्याच्याभोवती फिरू द्यायचं. आपण नेमकं उलट करतो: ओळीच्या शेवटचा शब्द पक्का धरतो आणि खुंट्याचे शब्द उपटत जातो.

आता निसटतं यमक. 'वारा-तारा' हे पुरं यमक आहे, शेवटच्या अक्षरातलं व्यंजन तेच, त्याचा स्वर तोच आणि त्याच्या आधीचा स्वरही तोच. निसटत्या यमकात यातलं काही ठेवायचं आणि काही सोडायचं. काय ठेवलं यावर ते कानाला किती भरतं हे ठरतं, आणि मराठी कानाची यात पक्की आवडनिवड आहे.

सगळ्यांत जवळचं निसटतं यमक म्हणजे स्वर तोच आणि व्यंजन त्याच वर्गातलं. 'वाट' आणि 'गाठ' घ्या. ट आणि ठ शाळेत एकाच ओळीत शिकलेली अक्षरं, जीभ टाळूला एकाच जागी लागते. कानाला हे जवळजवळ पुरं यमकच वाटतं. 'रान' आणि 'काम' यांत वर्ग वेगळे, पण दोन्हीकडं आवाज नाकातून येतो, म्हणून तेही तसंच. त्याच्या एक पायरी खाली स्वर तेच आणि व्यंजन लांबचं, जसं 'पाती' आणि 'बाकी'. इथं 'आ' आणि 'ई' अशी स्वरांची चौकट तेवढी जुळते. आणि तिसरी पायरी म्हणजे शेवटचं व्यंजन तेच किंवा जवळचं, पण स्वर बदललेला: 'मूठ' आणि 'वाट', 'पीक' आणि 'भूक'. हे सगळ्यांत ओझरतं, पण बोलून म्हणायच्या कवितेत फार चांगलं काम करतं.

आपल्याकडं स्वरावर भागवलेलं यमक नवं नाही. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कुणालाही ते परकं वाटणार नाही. बाया दळताना शेवटचा स्वर लांबवतात, व्यंजन थोडं इकडंतिकडं झालं तरी कुणी जातं थांबवत नाही. तुमचा 'साठी' नेमका या जातीचा आहे. 'माती, नाती, वाती, साठी' यांत आ-ई ही चौकट चारही ठिकाणी तीच, फक्त त च्या जागी ठ आला. तो चुकल्यासारखा वाटला, कारण त्याच्याआधी तीन ओळी तुम्ही काटेकोर 'ती' वर आणून ठेवल्या होत्या. तीनदा पुरं यमक ऐकलेला कान चौथ्यांदा तेच मागतो आणि नाही मिळालं की अडखळतो. म्हणजे जाणकारांच्या कानाला जे खटकलं ते खरं होतं. फक्त दुरुस्ती 'साठी'मध्ये करायची नाही, वरच्या तीन ओळींत करायची.

तेव्हा 'साठी' खुंटा धरून आ-ई चौकटीचे शब्द शोधू. इथं एक सवय लावून घ्या: शब्दकोशात किंवा यमकांच्या यादीत जाऊ नका, ज्या कामाची कविता आहे त्या कामात जा. ऊसतोडीचे शब्द एका कागदावर उतरवा: फड, कोपी, मोळी, कोयता, पाचट, वाढं, खेप, टोळी, मुकादम, उचल, बाकी, गाडी, पाती, डोई, बांध. मग स्वरांप्रमाणे गट पाडा. आ-ई मध्ये आले गाडी, पाती, बाकी. ओ-ई मध्ये आले मोळी, टोळी, कोपी, डोई. बघा, काही न करता अर्धं काम झालं. हे शब्द एकाच जगातले असल्यामुळं त्यांची जोडी जमवताना अर्थ ओढूनताणून आणावा लागत नाही.

दुसरं कडवं आधी करू, कारण ते सोपं आहे.

परक्याच्या रानामधी
हात कापतात पाती
उचलीची उरे बाकी
आम्हा लेकरांच्यासाठी

उसाच्या पात्याची धार हाताला कशी लागते हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ओळीच्या शेवटी पाती, बाकी, साठी. व्यंजनं तीन वेगळी, त, क आणि ठ, पण तिन्ही कठोर. मुद्दाम बघा: 'बाकी'च्या जागी 'राणी' किंवा 'गाडी' ठेवून मोठ्यानं म्हणा. चौकट तीच, तरी आवाज मऊ पडतो आणि 'साठी'शी नातं सैल होतं. व्यंजन सोडायचं म्हणजे कुठलंही घ्यायचं असं नाही. कठोराला कठोर, मृदूला मृदू ठेवलं तर निसटतं यमक ठरवून केलेलं वाटतं.

दुसऱ्या ओळीत आतलं यमकही आहे. हात, कापतात, पाती: 'आत' हा आवाज आठ अक्षरांत तीनदा येतो. ते मी सजावटीसाठी बसवलं नाही. 'हाताला पाती लागतात' असं लिहिलं होतं, मग 'लागतात'पेक्षा 'कापतात' खरं वाटलं आणि ओळ आपोआप बांधली गेली. आतलं यमक असंच क्रियापदातून आलं तर टिकतं, विशेषणातून आणलं तर चिकटवलेलं दिसतं. 'गार वारा'मधलं 'गार' आठवा. ते फक्त दोन अक्षरं भरायला आलं होतं.

आता इथं एक धोका आहे आणि तो तुम्हीच तपासायचा. तुमच्या मूळ कडव्यात 'आम्हा लेकरांच्यासाठी' ही ओळ आईच्या जळण्याला लागून होती: ती जळते, आमच्यासाठी. माझ्या रूपात ती बाकीला लागून आली: बाकी उरते, आम्हा लेकरांसाठी. म्हणजे कर्ज पोरांच्या वाट्याला येतं असा अर्थ झाला. उचल फिटली नाही की ती पुढच्या हंगामावर जाते, म्हणून हा अर्थ खोटा नाही, कदाचित जास्त बोचरा आहे. पण तो तुमचा नसेल तर ठेवू नका. 'उरे'च्या जागी 'फेडी' घाला:

उचलीची फेडी बाकी
आम्हा लेकरांच्यासाठी

अक्षरं तीच आठ, यमक तेच, पण आता आई बाकी फेडते आणि ती आमच्यासाठी. दोन अक्षरांनी अख्ख्या कडव्याचा कर्ता बदलला. 'यमक बदललं की अर्थ हलतो' असं तुम्ही म्हणता, तो बऱ्याचदा यमकाच्या शब्दात हलत नाही, त्याच्या आधीच्या क्रियापदात हलतो. म्हणून यमक बदललं की प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारायचे: कोण करतं, आणि शेवटची ओळ आता कशाला लागून आहे. गद्यातलं वाक्य शेजारी ठेवलेलं असलं की हे लगेच दिसतं.

आता पहिलं कडवं. खुंटे कोपी, गोधडी, अंधार.

कोपीमधी पोरं झोपी
माय घालते गोधडी
हाती कोयत्याची मूठ
पुढं काळोखात वाट

पहिल्या ओळीत कोपी आणि झोपी हे पुरं यमक आहे, पण एकाच ओळीच्या आत. मधे 'पोरं' मधला ओ त्यांना जोडतो. तुम्हाला जे सांगायचं होतं, म्हणजे मुलं कोपीत झोपलेली, त्यापलीकडं या ओळीत एकही शब्द नाही. 'झोपी गेली' मधलं 'गेली' गळलंय, तेवढी सूट बोलीत चालते.

दुसऱ्या ओळीत मी 'माय पांघरे गोधडी' लिहिलं असतं तर काय झालं असतं बघा. अक्षरं आठच, आवाज गोड. पण पांघरणं हे स्वतःच्या अंगावर घेणं. म्हणजे पोरं उघडी आणि माय गोधडी घेऊन बसलेली! ओळ ऐकायला छान वाटली की अशी चूक डोळ्याआड होते. 'ओढते' घातलं तर गोधडी पोरांवर ओढली की पोरांवरून ओढून काढली हे कळत नाही. 'घालते' साधं आहे, पण आपण घरात तसंच म्हणतो, पोराच्या अंगावर गोधडी घाल. गोडवा कमी झाला तरी मी तेच ठेवीन. 'झोपी' आणि 'गोधडी' यांच्यात ओ आणि ई राहिले, मधे एक अक्षर जास्त आलं. हलकं यमक आहे, पण पहिल्या ओळीच्या आत जुळणी भक्कम झालेली असल्यानं शेवटी हलकं चालतं.

मूठ आणि वाट ही तिसऱ्या पायरीची जोडी, स्वर बदललेले आणि व्यंजन एकाच वर्गातलं. एवढं ओझरतं यमक कान का मान्य करतो? कारण दोन्ही ओळींचा ठेका एकच आहे. 'हाती । कोयत्याची । मूठ' आणि 'पुढं । काळोखात । वाट': दोन, चार, दोन अक्षरं. टाळी वाजवून म्हणा, टाळ्या त्याच जागी पडतात. यमक जितकं निसटतं, ठेका तितका घट्ट लागतो. दुसरी ओळ 'काळोखात पुढं वाट' अशी केली, म्हणजे चार, दोन, दोन, तर अर्थ तोच राहतो पण मूठ-वाट एकमेकांना ऐकू येईनाशी होतात. लोक म्हणतात निसटतं यमक जमत नाही. बहुतेक वेळा यमक ठीक असतं आणि ठेका सुटलेला असतो.

'वाट' हा शब्दही शेकडो कवितांत घासलेला आहे, मग तो का ठेवला असं विचाराल. घासते ती जोडी. वाट-पहाट, वाट-घाट ऐकलं की पुढचं कळतं. 'मूठ' ऐकल्यावर 'वाट' येईल असं कुणाला आधी वाटत नाही, म्हणून तोच शब्द ताजा ऐकू येतो. नवा शब्द शोधत बसण्यापेक्षा जुन्या शब्दाला नवा शेजारी देणं कितीतरी सोपं असतं.

धारा, वारा आणि तारा तिन्ही गेले, आणि गद्यातल्या वाक्यातलं काही गेलं नाही. 'पहाट' गेली, पण 'काळोख' आला. पहाटेचा उल्लेख हवाच असेल तर तिसऱ्या कडव्यात आणा, इथं कोंबू नका.

आतल्या यमकाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्याचा खरा उपयोग ओळ गोड करण्यापेक्षा वेगळा आहे: त्यानं ओळीचा शेवट मोकळा होतो. हे आपल्या मातीत आधीपासून आहे. आपेगाव, पैठण, नरसी, गंगाखेड ही नावं ज्या वारकरी परंपरेशी जोडलेली आहेत त्या परंपरेतल्या ओवी-अभंगांची बांधणी बघा. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड आणि मोकळा. देवद्वार छंदात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, शेवटच्या चार अक्षरांना नाही. म्हणजे लिहिलेल्या ओळीकडं बघितलं तर यमक मधे आणि शेवट मोकळा. त्या मोकळ्या जागेत सगळ्यांत जड शब्द ठेवता येतो, कारण त्याला कुणाशीच जुळायचं नसतं.

तुमच्याच विषयावर करून बघू:

उन्हं कलतात
डोईवर मोळी
पुढं चाले टोळी
मागं माय

मोळी-टोळी पुरं यमक आहे. पुरं असूनही शिळं लागत नाही, कारण दोन्ही शब्द एकाच फडातले आहेत. तेव्हा प्रत्येक पुरं यमक मोडायचं असा नियम करू नका. 'मोळी'ला 'भोळी' जोडलं असतं तर ती माय भोळी कशी आणि का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. 'टोळी'ला उत्तर द्यावं लागत नाही. आणि 'माय' हा शब्द यमकात अडकवायचा म्हटला की 'हाय', 'काय', 'साय', 'गाय' अशाच वाटा उरतात. इथं तो कशालाच जुळत नाही आणि त्यामुळंच थांबून ऐकू येतो. कवितेतला जो शब्द तुम्हाला सगळ्यांत प्रिय आहे, त्याच्यावर यमकाचं ओझं टाकू नका. त्याला मोकळ्या जागी ठेवा आणि यमक आसपासच्या शब्दांकडून करून घ्या.

आतल्या यमकाचा अतिरेक कसा ओळखायचा? ओळ वेगानं तीनदा म्हणा. जीभ अडकली किंवा हसू आलं तर जास्त झालंय. 'कोपीमधी पोरं झोपी' सारखी ओळ एका कडव्यात एकच पुरे. चारही ओळी तशा केल्या तर दुकानाच्या जाहिरातीसारखं वाजू लागतं आणि ऐकणारा माय विसरून आवाज मोजत बसतो.

निसटत्या यमकाच्या बाबतीत आपल्या भाषेचा एक खास सापळा आहे, तोही सांगतो. मराठीत प्रत्ययांमुळं यमक फुकट मिळतं: येते-बोलते, रानात-विहिरीत, आईला-घराला. कुणी म्हणेल, 'रानात' आणि 'विहिरीत' यांत शेवटचा त जुळतो, म्हणजे निसटतं यमक झालं. नाही झालं. प्रत्यय सगळीकडं येतो, म्हणून कान तो मोजत नाही, त्याच्या आधीचा मूळ शब्द ऐकतो. 'रानात' आणि 'गावात' चालेल, कारण प्रत्यय काढला तरी रान आणि गाव यांत 'आ' उरतो. प्रत्यय काढून बघायचं. काही उरलं तर यमक, नाही तर नुसतं व्याकरण.

बोलीचा प्रश्नही इथंच येतो. आपल्या खेड्यांत अनेक घरांत 'पाणी'चं 'पानी' होतं आणि 'कोण'चं 'कोन'. 'रान' आणि 'कोण' हे तुमच्या आईच्या तोंडी 'न'वर जुळतील, शहरातल्या वाचकाच्या तोंडी न-ण असं थोडं लांब जातील. दोन्हीकडं ऐकू येईल असंच निवडा. आणि 'मधी', 'पुढं', 'मागं', 'तिनं' ही बोली घेतली आहे तर ती अख्ख्या कवितेत चालवा. फक्त यमकाच्या जागी 'मधी' आणि बाकी ठिकाणी 'मध्ये' असलं की वाचकाला कळतं, बोली सोयीपुरती आणलीय. तुमच्या मूळ कवितेत 'डोळां' आणि 'दिव्यामधी' दोन्ही आहेत. पहिला जुन्या पोथीतला, दुसरा घरातला. घरातला ठेवा.

निसटतं यमक वाचकाला चूक वाटेल का, हे बऱ्याच अंशी ते कुठं येतं यावर आहे. सहा कडवी पुरी यमकं आणि सातव्यात एकदम 'साठी' आला तर चूकच वाटेल. पहिल्याच कडव्यात मूठ-वाट आलं तर वाचक समजतो की इथं असंच चालणार आहे. म्हणून सगळ्यांत ओझरती जोडी आधी वापरा आणि पुढं हळूहळू जवळची यमकं आणा. शेवटच्या कडव्यात एखादं पुरं यमक आलं तर ते चांगलं ठसतं. तपासायला कविता कुणाला वाचायला देऊ नका, म्हणून दाखवा, कागद आपल्याच हातात ठेवून. मग विचारा, कुठं अडलं? ऐकणाऱ्यानं यमकाचा शब्द सांगितला तर ठेका तपासा. त्यानं आईविषयी काही विचारलं, उचल किती होती, पोरं किती, तर यमकाला हात लावू नका.

भाऊ चाल लावणार असेल तर मात्र पहिल्या कडव्यात एक बदल करावा लागेल. गाताना व्यंजन लांबत नाही, स्वर लांबतो. 'मूऽऽठ' आणि 'वाऽऽट' असं गायलं की कानात ऊ आणि आ राहतात, ट-ठ शेवटी निसटून जातात, आणि यमक नावालाही उरत नाही. गाण्यात स्वर सांभाळा, व्यंजन सोडा:

हाती कोयत्याची मूठ
काळोखात उडे धूळ

मूठ-धूळ मध्ये ऊ राहिला, तो हवा तेवढा लांबवता येतो. ठेका मात्र बदलला, दुसरी ओळ चार-दोन-दोन झाली. म्हणायच्या कवितेत हे मला चाललं नसतं. चालीत ताल बाहेरून मिळतो, म्हणून तिथं चालतं. अर्थही थोडा सरकला. एकटी वाट गेली आणि धूळ उडवत निघालेल्या गाड्या आल्या. तुमच्या आईचं निघणं एकटीचं होतं की टोळीबरोबरचं, ते तुम्हाला ठाऊक. एकटीचं असेल तर 'धूळ' घेऊ नका, भावाला त्या ओळी न लांबवता तोडून गायला सांगा. दुसऱ्या कडव्याला काही करावं लागणार नाही. पाती, बाकी, साठी तिन्ही 'ई'वर संपतात आणि गळ्यावर छान बसतात.

स्पर्धेचं म्हणाल तर आधी नियम वाचा. अष्टाक्षरीच्या काही स्पर्धांत दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला पुरं यमक हवं अशी अट असते. अट असेल तर निसटतं यमक परीक्षक चूक धरतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. गझल पाठवणार असाल तर तिथं तर ही मोकळीक नाहीच. स्वरकाफिया, म्हणजे नुसत्या स्वरावर जुळणारं यमक, चालतो, पण तो पहिल्या शेरात ठरतो आणि शेवटपर्यंत पाळावा लागतो, मधेच वाट-मूठ करता येत नाही. तुमच्या कवितेला दुसऱ्या-चौथ्याची अट असेल तर निसटती यमकं पहिल्या-तिसऱ्या ओळीत आणि ओळींच्या आत हलवा, आणि शेवटाला फडातलीच पुरी जोडी द्या:

उन्हं कलता कलता
डोईवर येते मोळी
पाती रुतल्या हातांनी
माय गाठते गं टोळी

यातला 'गं' फक्त आठ अक्षरं भरायला आलाय, मला तो आवडत नाही. 'माय गाठतेया टोळी' म्हणून बघा. तुमच्या गावात 'गाठतेया' म्हणत असतील तर तेच ठेवा.